सेकंदाला आठ केबी

मोबाइलच्या बऱ्याच प्रीपेड योजनांमध्ये दिवसाला एक-दीड जीबी डेटा मिळतो. तो संपल्यावर इंटरनेट बंद पडत नाही, पण वेग 64 केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला साधारण आठ केबी माहिती, तीही सिग्नल चांगला असेल तर. घरातल्या मुलांचे व्हिडिओ पाहून झाल्यावर संध्याकाळी दूध घालायला निघालेल्या उत्पादकाच्या हातात हाच वेग उरतो. गावच्या दूध संस्थेचे संकेतस्थळ या वेगावर चालायला हवे. त्यासाठी हिशेब सोपा आहे: पानावरच्या प्रत्येक फाइलचे केबी आठने भागले की ती उतरायला लागणारे सेकंद मिळतात.

उदाहरणादाखल नेहमी दिसणारी रचना घेऊ. वरच्या बाजूला आपोआप सरकणारी तीन मोठी छायाचित्रे, प्रत्येकी 600 केबी. सुंदर दिसावे म्हणून बाहेरून मागवलेला देवनागरी फॉन्ट, 250 केबी. छायाचित्रे सरकवण्यासाठी आणि मेनू उघडण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्ट, 400 केबी. मजकूर आणि बाकीचे किरकोळ, 50 केबी. एकूण अडीच हजार केबी, म्हणजे पाच मिनिटांहून जास्त. ज्यासाठी माणूस आला तो दूधदर अजून दिसलेलाच नाही. तो स्कॅन केलेल्या 900 केबीच्या पीडीएफमध्ये असतो. ती उघडायला आणखी जवळजवळ दोन मिनिटे.

दरपत्रक आणि नोटिसा चित्र किंवा पीडीएफ म्हणून चढवल्या जातात, याला कारण आहे. अनेक कार्यालयांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टायपिंग होते. तो मजकूर जसाच्या तसा संकेतस्थळावर टाकला तर वाचता येत नाही, म्हणून छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन करून टाकायची सवय पडते. उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून पानावरच लिहिणे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, त्यामुळे दीड हजार चिन्हांची सभेची नोटीस साडेचार केबी भरते. सर्व्हरने ती दाबून पाठवली की दोन केबीच्या आसपास, म्हणजे पाव सेकंद. शिक्क्याची प्रत हवीच असेल तर खाली दुवा द्यावा आणि दुव्यातच फाइलचा आकार लिहावा, म्हणजे उघडायची की नाही हे वाचणारा ठरवेल.

दरपत्रकाचेही तसेच. गायीच्या दुधाचे फॅट 3.0 ते 5.0 आणि एसएनएफ 8.0 ते 9.0, दोन्ही 0.1च्या टप्प्याने घेतले तर 21 ओळी आणि 11 स्तंभ, म्हणजे 231 दर होतात. साध्या तक्त्यात हे सगळे दोन-तीन केबीत बसते. पण 11 स्तंभ लहान पडद्यावर मावत नाहीत. म्हणून 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफचा मूळ दर सर्वांत वर मोठ्या अक्षरांत द्यावा आणि पूर्ण तक्ता त्याच्याखाली, आडवा सरकवता येईल असा ठेवावा. दर कोणत्या तारखेपासून लागू आहे हेही तिथेच लिहिलेले हवे. कारण फोनमध्ये जुने पान साठलेले असू शकते आणि तारखेशिवाय ते ओळखू येत नाही.

फॉन्टबाबत निर्णय सरळ आहे: बाहेरून मागवूच नये. अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी अक्षरे आधीपासून असतात आणि ती वाचायला चांगली आहेत. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच जड होते. शिवाय ती दुसऱ्या सर्व्हरवरून येत असेल तर फोनला त्याचा पत्ता शोधणे, संपर्क जोडणे आणि सुरक्षित दुवा प्रस्थापित करणे हे सगळे पुन्हा करावे लागते. मंद नेटवर्कवर अशा एका फेरीला अर्धा सेकंद सहज जातो आणि फेऱ्या तीन-चार होतात. तोवर क्रोम ब्राउझर तीन सेकंदांपर्यंत अक्षरेच दाखवत नाही.

छायाचित्रांचा प्रश्न केवळ डेटाचा नाही. मोबाइलने काढलेला 4000 बाय 3000 बिंदूंचा फोटो फाइल म्हणून कितीही दाबला, तरी पडद्यावर दाखवताना प्रत्येक बिंदूला चार बाइट लागतात. एका फोटोला 48 एमबी मेमरी! एक-दोन जीबी रॅमच्या फोनवर असे तीन फोटो आले की पान अडखळते, कधी ब्राउझरच बंद पडतो. फोटो 720 बिंदू रुंदीचा करून जतन केला की फाइल सहसा 40-50 केबीवर येते आणि मेमरीही दीड-दोन एमबीच लागते. पानावर `loading="lazy"` लिहिले की काम झाले असा समज आहे, तो अर्धवट खरा आहे. नेटवर्क मंद असले की क्रोम पडद्याच्या खाली बऱ्याच अंतरावरचे फोटोही आधीच मागवू लागतो, त्यामुळे लहान पानावर काहीच वाचत नाही. फोटो वेगळ्या पानावर नेणे हाच पक्का उपाय. वेबपी प्रकारात ते आणखी लहान होतात, पण 2017 साली आलेल्या जिओफोनचा ब्राउझर तो प्रकार ओळखत नाही. गावात असे फोन असतील तर जेपीईजीच ठेवावे. सरकणारी छायाचित्रे काढली की त्यांच्या स्क्रिप्टही जातात.

उरते ते पुन्हा पुन्हा येणाऱ्यांचे. न बदललेली फाइल फोनने साठवून ठेवावी आणि दराचे पान मात्र दर वेळी विचारून घ्यावे, हे सर्व्हरला सांगता येते. अपाचे सर्व्हर असेल तर `.htaccess` फाइलमध्ये एवढे पुरते:

```
AddOutputFilterByType DEFLATE text/html text/css
FileETag None
<FilesMatch "\.(css|jpg)$">
  Header set Cache-Control "max-age=31536000"
</FilesMatch>
<FilesMatch "\.html$">
  Header set Cache-Control "no-cache"
</FilesMatch>
```

पहिली ओळ मजकूर दाबून पाठवते. फोटो आणि सजावटीची फाइल वर्षभर फोनमध्ये राहते, म्हणून त्यात बदल केला तर फाइलचे नावही बदलावे, नाहीतर सभासदांना जुनेच दिसत राहील. दराचे पान बदललेले नसेल तर सर्व्हर फक्त `304` असे उत्तर देतो आणि डेटा जवळपास लागत नाही. दुसरी ओळ हे उत्तर नीट मिळावे म्हणून आहे, कारण दाबलेल्या पानाच्या खुणेत काही सर्व्हरवर गोंधळ होतो.

हे सगळे जमले की नाही ते संगणकावरच्या क्रोममध्ये तपासता येते. `F12` दाबून `Network` भागात 64 केबीपीएस वेग आणि 600 मिलिसेकंद विलंब अशी नोंद करावी आणि पान उघडावे. खाली किती केबी उतरले ते दिसते. दुसऱ्यांदा उघडल्यावर पानासमोर `304` ऐवजी `200` दिसले तर साठवण्याची सूचना लागू झालेली नाही. वरच्या उदाहरणातले पान अशा बदलांनंतर दहा-बारा केबीचे राहते. संपर्क जोडण्याच्या फेऱ्या धरून ते चार-पाच सेकंदांत वाचता येते. फोनचा प्रोसेसर मात्र संगणकावर तपासता येत नाही. त्यासाठी संकलन केंद्रावर येणाऱ्या एखाद्या सभासदाचा जुना फोन घेऊन पान उघडून पाहावे.

एक गोष्ट मात्र संकेतस्थळावर आणण्याचा अट्टहास करू नये: प्रत्येक उत्पादकाचे दहा दिवसांचे बिल. सर्वांची बिले उघड्यावर टाकणे योग्य नाही, आणि पासवर्ड टाकून आत शिरणे या वेगावर कंटाळवाणे ठरते. बिलाची रक्कम एसएमएसने पाठवावी. त्याला डेटा लागतच नाही.