दीड वाटी मीठ, पण कोणतं?

आजीच्या जुन्या वहीत लिंबाच्या लोणच्याची कृती सापडली, असं समजा. त्यात लिहिलंय: लिंबं एक किलो, मीठ दीड वाटी. तुम्ही डब्यातलं रोजचं बारीक मीठ काढलं, दीड वाटी मोजलं आणि लिंबाच्या फोडींवर टाकलं. पंधरा दिवसांनी लोणचं चाखलं, तर तोंड वाकडं! एवढं खारट की पाणी प्यावं लागलं. आता आजी चुकली की तुम्ही?

दोघंही नाही. आजीनं मोजलं होतं खडे मीठ, तुम्ही मोजलंत बारीक. वाटी तीच, भरली काठोकाठ, तरी आतलं मीठ सारखं नव्हतं. हे कसं, ते शोधायला थोडं उलटं जाऊ या. मीठ येतं कुठून, तिथून सुरुवात.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले २७ ग्रॅमच्या आसपास आपलं खायचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. बाकीचे मॅग्नेशियमचे, कॅल्शियमचे वगैरे. उरण-पेणकडच्या मिठागरांमध्ये उधाणाच्या भरतीचं पाणी आत घेतात आणि उथळ वाफ्यांमधून पुढे पुढे सरकवत उन्हात आटवतात. आटताना सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत, हीच त्यातली गंमत. आधी कॅल्शियमचे क्षार बसतात. मग पाणी खूप दाट झालं की मिठाचे स्फटिक धरू लागतात. आणि शेवटी जे पाणी उरतं ते असतं कडू, कारण त्यात मॅग्नेशियम साठलेलं असतं. ते काढून टाकतात. नीट निथळलं नाही, तर मिठालाही किंचित कडवट चव येते, आणि असं मीठ पावसाळ्यात ओलं गच्च होतं. मॅग्नेशियमचा क्षार हवेतलं पाणी ओढून घेतो ना, म्हणून.

हे झालं खडे मीठ. आता सैंधव, ज्याला काही घरांत शेंदेलोण म्हणतात आणि जे उपासाला चालतं. ते खाणीतून निघतं. गुलाबी सैंधवाची सगळ्यांत प्रसिद्ध खाण पाकिस्तानातल्या पंजाबात, खेवडा इथे आहे. आपल्याकडे हिमाचल प्रदेशातल्या मंडी भागातही खाणीतलं मीठ मिळतं. पण डोंगरात मीठ आलं कुठून? तिथे ५० कोटी वर्षांहूनही आधी समुद्र होता! तो आटला, मीठ खाली बसलं, वर मातीचे थर चढले, आणि पुढे जमीन वर उचलली गेली तेव्हा ते मीठही डोंगरात गेलं. गुलाबी रंग येतो लोहाच्या संयुगांमुळे. म्हणजे सैंधव हे समुद्राचंच मीठ, फक्त भलतंच शिळं.

आणि पुडीतलं बारीक मीठ? आपल्या देशातलं बहुतेक मीठ समुद्राच्या किंवा जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यापासून बनतं, आणि सगळ्यांत जास्त गुजरातेत. तेच स्वच्छ करून, एकसारखे बारीक दाणे करून, आयोडीन मिसळून पुडीत भरतात. त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून एक पदार्थही चिमूटभर घालतात. त्यामुळे ‘समुद्राचं मीठ’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली महाग बरणी पाहिली, की मला थोडं हसूच येतं.

तिन्ही मिठांत शंभरातले पंच्याण्णवपेक्षा जास्त भाग सोडियम क्लोराइडच असतं. खरं वाटत नसेल तर मोठ्यांना विचारून तीन बाटल्यांत एकेक लिटर पाणी घ्या आणि प्रत्येकात वेगळं मीठ पाच-पाच ग्रॅम वजन करून विरघळवा. कुणाला तरी बाटल्यांची अदलाबदल करायला सांगा आणि डोळे मिटून एकेक घोट चाखा. खारटपणावरून कोणती बाटली कोणत्या मिठाची, ते ओळखणं फार अवघड जातं. वजन सारखं, तर खारटपणा जवळजवळ सारखा. सगळा घोळ होतो तो वाटी-चमच्यानं मोजताना.

आता आपल्या कोड्याकडे येऊ. १५० मिलिलीटरची वाटी घ्या. तिच्यात मिठाचा एकच सलग ठोकळा बसवला, मध्ये जराही फट न ठेवता, तर तो सुमारे ३२५ ग्रॅम भरेल. पण तीच वाटी बारीक मिठानं भरून, वरून सुरीनं सपाट करून तोलली, तर भरतं साधारण १८० ग्रॅम. बाकीची जागा कुणाची? हवेची! काठोकाठ भरलेल्या वाटीत जवळजवळ निम्मी हवा असते आणि आपण तिलाही मीठ म्हणून मोजत असतो.

खड्या मिठाची तीच वाटी १५० ग्रॅमच्या आसपास भरते. का बरं? तुम्ही म्हणाल, खडे मोठे, म्हणून फटी मोठ्या. थांबा, हे उत्तर वाटतं तितकं बरोबर नाही. एक डबा मोठ्या गोट्यांनी भरा आणि दुसरा तसाच डबा मोहरीनं. गोट्यांमधल्या फटी मोठ्या, पण मोजक्या. मोहरीमधल्या फटी इवल्याशा, पण असंख्य. डबा पुरेसा मोठा असेल तर दोन्हीकडे हवेची एकूण जागा जवळजवळ सारखीच निघते! म्हणजे नुसता आकारमानाचा दोष नाही.

खरी कारणं दोन. एक म्हणजे भांडं लहान असलं की मोठे खडे त्याच्या कडेशी नीट बसत नाहीत. कडेला आणि वरच्या बाजूला मोकळ्या जागा राहतात. चहाच्या चमच्यात तर हा गोंधळ आणखी वाढतो. दुसरं कारण खड्याच्या घडणीत आहे. भिंगातून बघा. पुडीतल्या मिठाचे दाणे बरेचसे चौकोनी, भरीव असतात. मिठागरातला खडा मात्र अनेक स्फटिक एकमेकांना चिकटून झालेला, वेडावाकडा, मध्ये खळगे असलेला. त्याच्या पोटात खाऱ्या पाण्याचे बारीक थेंबही अडकलेले असतात. खडे मीठ तव्यावर भाजलं की तडतड उडतं, ते याच थेंबांची वाफ होऊन खडा फुटतो म्हणून. (हे बघायचं तर मोठ्यांसोबत आणि लांबून. गरम खडा डोळ्याकडे उडू शकतो.)

आता आजीच्या लोणच्याचा हिशोब करू. दीड वाटी खडे मीठ म्हणजे १५० आणि ७५ मिळून २२५ ग्रॅम. तुम्ही टाकलंत दीड वाटी बारीक, म्हणजे १८० आणि ९० मिळून २७० ग्रॅम. ४५ ग्रॅम जास्त, म्हणजे चहाचे सात चमचे भरून वर आणखी! २२५ ग्रॅमच हवं असेल तर २२५ ला १८० नं भागा. उत्तर येतं सव्वा. आजीची दीड वाटी म्हणजे तुमची सव्वा वाटी.

उलटी चूक झाली तर ती जास्त वाईट. कृतीत बारीक मीठ सव्वा वाटी सांगितलंय आणि तुम्ही खडेच सव्वा वाटी घातलं, तर मीठ कमी पडणार. भाजीत कमी पडलं तर वरून घालता येतं. पण लोणच्यात मीठ नुसतं चवीसाठी नसतं, ते लोणचं टिकवतं. मीठ कमी पडलं की काही दिवसांत रसावर पांढुरका तवंग दिसतो, फेस येतो, किंवा बुरशी धरते. बुरशी दिसली की वरचं काढून उरलेलं खायचं नाही. सगळं टाकायचं. म्हणून लोणच्यापुरतं तरी मीठ तोलूनच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

काटा नसेल तर? एक युक्ती आहे. मिठाच्या एक किलोच्या पुडीवर वजन छापलेलंच असतं. मग ती नवी पुडी तुमच्या वाटीनं मोजत मोजत डब्यात भरा. वाटी दाबायची नाही, आपटायची नाही, वरून सपाट करायची. समजा बारीक मिठाच्या साडेपाच वाट्या भरल्या आणि खड्या मिठाच्या साडेसहाच्या थोड्या वर. मग साडेपाच वाट्या बारीक मीठ आणि साडेसहा वाट्या खडे मीठ, दोन्ही एकेक किलोच. मोठी वाटी घेतली तर दोन्ही आकडे कमी होतील, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण फारसं बदलणार नाही.

चमच्याचं वजन काढायचं असेल, तर एकच चमचा काट्यावर ठेवू नका. स्वयंपाकघरातला काटा एक-दोन ग्रॅमला सहज फसतो. सपाट केलेले दहा चमचे मीठ एकत्र तोला आणि दहानं भागा. बारीक मिठाचा चहाचा चमचा सहा ग्रॅमच्या आसपास येईल, खड्याचा पाचच्या जवळ किंवा त्याहून कमी.

सैंधवाच्या पुडीबद्दल मात्र मी एकच आकडा सांगणार नाही. कुणाची पूड रवाळ, कुणाची अगदी पिठासारखी. आणि पिठासारखी म्हणजे जास्त जड, असंही नाही. फार बारीक, टोकदार कण एकमेकांना अडून बसतात आणि पूड फुगलेली राहते. डबा दोनदा आपटा, पातळी खाली जाते की नाही बघा! म्हणून उपासाच्या खिचडीत बारीक मिठाऐवजी सैंधव घालताना आधी तेवढेच चमचे घाला, चाखा, आणि कमी वाटलं तर चिमटीनं वाढवा. बहुतेक वेळा थोडं वाढवावंच लागतं.

रोजच्या जेवणातलं पुडीचं मीठ कायमचं बदलून सैंधव आणायचं ठरत असेल, तर पुडीची मागची बाजू वाचा. आपल्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतं. ते फार कमी पडलं तर ती ग्रंथी सुजते, त्याला गलगंड म्हणतात. सैंधवात मुळातलं आयोडीन अगदी नगण्य असतं आणि समुद्रातल्या साध्या मिठातही पुरेसं उरत नाही. आयोडीन घातलेलं खडे मीठही मिळतं, फक्त पुडीवर तसं लिहिलेलं हवं.

पावसाळ्यात मोजणार असाल तर आणखी एक. ओल्या खड्या मिठाच्या वजनात पाणीही मोजलं जातं. असं मीठ कढईत मंद आचेवर कोरडं करून घ्यायला सांगा, गार होऊ द्या आणि मगच तोला. मिक्सरमधून बारीक करायचं असेल तर तेही तोलल्यावर करा. दळताना ग्रॅम बदलत नाहीत, वाटीची पातळी मात्र बदलते.