मार्चचा अप्रेझल एप्रिलमध्येच ठरतो

मार्च उजाडला की खासगी कंपन्यांमध्ये अप्रेझलची कुजबुज सुरू होते. वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन आणि त्यावरून रेटिंग, पगारवाढ, बढती, असा हा मामला. पण वर्षाअखेरीला साहेबांसमोर काय बोलायचं याची जेवढी तयारी होते, त्याच्या निम्मीसुद्धा एप्रिलमध्ये ‘केआरए’ ठरताना होत नाही. तुमच्याकडून कंपनीला कोणत्या बाबतीत निकाल हवा आहे आणि त्या प्रत्येकाला किती वजन आहे, ते त्या कागदावर लिहिलेलं असतं. वजनांची बेरीज शंभर.

चाकणच्या एखाद्या कारखान्यातला स्टोअर्सचा माणूस घ्या. समजा, त्याचे केआरए चार आहेत: साठा आणि सिस्टीममधले आकडे जुळणं 40, लाइनला माल वेळेवर देणं 30, पडून राहिलेला माल कमी करणं 20 आणि सुरक्षितता 10. रेटिंग पाचपैकी. साठ्याला त्याला 4 मिळाले, पडीक मालाला 4, सुरक्षिततेला 3. लाइन मात्र वर्षात सहा वेळा मालाअभावी थांबली, म्हणून तिथे 2. प्रत्येक रेटिंगला वजनाने गुणून बेरीज केली की 330, म्हणजे 3.3. हाती पडतात 3.

आता त्या सहा वेळा नीट बघा. चार वेळा पुरवठादाराचा ट्रकच आला नव्हता. तो विषय परचेसचा, स्टोअर्सचा नव्हे. केआरएमध्ये ‘लाइन थांबू नये’ असं मोघम लिहिण्याऐवजी ‘माल गेटमधून आत आल्यावर दोन तासांत लाइनवर’ असं लिहिलं असतं, तर उरलेल्या दोनच चुका त्याच्या नावावर लागल्या असत्या. तिथे 4 मिळाले असते तर एकूण 3.9 होऊन तो चारच्या घरात गेला असता. काम तेच, वर्ष तेच. मला हा अन्याय वाटतो, आणि तो बहुतेकदा एप्रिलमध्ये न वाचता केलेल्या सहीतून घडतो.

म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारावेत: हे मोजणार कशाने, आणि ते माझ्या हातात आहे का? मध्येच काम बदललं, तर सहामाही आढाव्यात केआरए बदलून घ्यावेत आणि ते मेलवर असावेत. तोंडी ‘बघू आपण’ मार्चपर्यंत कुणाच्याच लक्षात राहत नाही.

साहेबांनी दिलेलं रेटिंगही अनेक ठिकाणी अंतिम नसतं. कितीजणांना 5 किंवा 4 द्यायचे याची मर्यादा असते, त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. त्यात 4 चे 3 होऊ शकतात. त्यामुळे रेटिंग घसरलं तर आधी साहेबांना हेच विचारावं, की तुम्ही किती दिले होते आणि ते कोणत्या टप्प्यावर बदलले. कामातली त्रुटी असेल तर ती कोणत्या केआरएतली, हे त्यांना दाखवता आलं पाहिजे.