स्तंभालेखात ‘हळूहळू’ कुठून आलं?

परदेशी विद्यापीठात प्रवेश घ्यायचा म्हणून आयईएलटीएसची तयारी करणाऱ्या मुलांच्या वहीत एक पान हमखास सापडतं. वर ‘वाढ’ आणि ‘घट’ असे दोन रकाने. एकाखाली राइज, क्लाइम्ब, सोअर, सर्ज. दुसऱ्याखाली फॉल, ड्रॉप, डिक्लाइन, प्लमेट. कधी क्लासमध्ये उतरवून घेतलेलं, कधी कुणा दादा-ताईच्या वहीवरून झेरॉक्स काढून आणलेलं. यादी चुकीची नसते. पण परीक्षेत समोर स्तंभालेख येतो, म्हणजे बार चार्ट, आणि त्यातल्या खांबांना या यादीतले निम्मे शब्द लागूच पडत नाहीत. तरी मुलं ते वापरतात, कारण पाठ केलेले असतात.

या परीक्षेच्या अ‍ॅकॅडेमिक प्रकारात लेखनाला एक तास मिळतो आणि प्रश्न दोन असतात. पहिल्यात आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखाद्या प्रक्रियेची आकृती देतात आणि तिचं वर्णन किमान 150 शब्दांत मागतात. त्यासाठी साधारण 20 मिनिटं द्यावीत असं प्रश्नपत्रिकेतच लिहिलेलं असतं. सूचनाही ठरलेली: मुख्य गोष्टी निवडून सांगा आणि योग्य तिथे तुलना करा. यातलं ‘निवडून’ फार थोडे जण मनावर घेतात. बाकीचे डावीकडच्या खांबापासून सुरुवात करून उजवीकडच्या शेवटच्या खांबापर्यंत एकेक आकडा वाचत जातात. हजेरी घेतल्यासारखं.

पेन उचलण्याआधी एकच गोष्ट तपासायची: या आलेखात काळ आहे का? समजा आडव्या अक्षावर पाच देश आहेत, साल एकच आहे आणि खांब दाखवतायत कॉफीचा खप. नजर डावीकडून उजवीकडे सरकते, खांब उंच-ठेंगणे होत जातात, आणि हात आपोआप लिहितो की जर्मनीत खप ‘वाढला’ आणि इटलीत ‘घसरला’. प्रत्यक्षात काहीच वाढलं किंवा घसरलेलं नाही. एका वर्षी एका देशात जास्त कॉफी प्यायली गेली, दुसऱ्यात कमी, एवढंच. इथे ‘हायर दॅन’, ‘ट्वाइस अ‍ॅज मच अ‍ॅज’, ‘द लोएस्ट’ अशी तुलनेची भाषा हवी. वाढ-घटीचं पान अशा वेळी मिटून ठेवायचं.

अडचण खरी येते ती मधल्या प्रकारात. शाळेच्या गणितात ज्याला जोडस्तंभालेख म्हणतात तो, म्हणजे प्रत्येक गोष्टीसाठी दोन वर्षांचे दोन खांब शेजारी-शेजारी. सरावासाठी एक काल्पनिक आलेख घेऊ. एका गावातले नोकरदार कामावर कसे जात, हे 2000 आणि 2020 या दोन वर्षांसाठी टक्क्यांत दाखवलंय. बसने जाणारे 45 होते, ते 30 झाले. मोटारीने जाणारे 20 वरून 40 वर गेले. सायकलवाले 25 वरून 10 वर आले आणि पायी जाणारे 10 वरून 20 वर.

यावर बहुतेक उत्तरांत हमखास येणारं वाक्य असं: ‘द युज ऑफ बसेस डिक्रीज्ड ग्रॅज्युअली.’ व्याकरणात खोट नाही. पण हे ‘ग्रॅज्युअली’ आलं कुठून? आलेखात 2000 चा खांब आहे आणि 2020 चा आहे. मधल्या वर्षांचं काहीच नाही. बसचे प्रवासी दरवर्षी थोडेथोडे कमी झाले असतील, किंवा 2018 पर्यंत तसेच राहून शेवटच्या दोन वर्षांत एकदम गळाले असतील. दोन खांबांवरून ते सांगता येणार नाही. म्हणून ‘ग्रॅज्युअली’, ‘स्टेडिली’, ‘रॅपिडली’ हे वेगाचे शब्द इथे बाद. ‘फ्लक्च्युएट’, ‘पीक’, ‘लेव्हल ऑफ’ हेही बाद, कारण चढउतार, शिखर किंवा सपाटी दिसायला निदान तीन बिंदू तरी लागतात. हे सगळे शब्द मुळात रेषालेखाचे. तिथून ते स्तंभालेखात घुसतात.

मग उरतं काय? किती फरक पडला ते सांगणारे शब्द: ‘सिग्निफिकंटली’, ‘कन्सिडरेब्ली’, ‘स्लाइटली’, ‘मार्जिनली’. तेही आकड्याकडे बघून वापरायचे. पायी जाणारे 10 वरून 20 झाले, म्हणजे फक्त दहाने वाढले, असं मनात म्हणून ‘स्लाइटली’ लिहिणारे पुष्कळ असतात. पण ते दुप्पट झालेत! तिथे सरळ ‘डबल्ड’ म्हणावं. साधं क्रियापद आहे, आकडा आपोआप स्पष्ट होतो, आणि माझ्या मते ‘सोअर’ किंवा ‘स्कायरॉकेट’पेक्षा कितीतरी नेमकं. भपकेबाज शब्दाला जादा गुण मिळतात हा गैरसमज आहे. शब्दसंपत्तीच्या निकषात नेमकेपणाही बघितला जातो. 15 टक्क्यांच्या घटीला ‘प्लमेट’ म्हटलं तर शब्द माहीत आहे हे दिसतं, आणि तो कुठे वापरायचा हे माहीत नाही हेही दिसतं.

आता टक्क्यांची गंमत. मोटारीने जाणारे 20 टक्क्यांवरून 40 टक्के झाले. ही वाढ किती? चटकन उत्तर येतं, 20 टक्के. हिशेबाने ती 100 टक्के आहे, कारण मूळ 20 मध्ये आणखी 20 ची भर पडली. टक्क्यांतल्या दोन आकड्यांमधला नुसता फरक सांगायचा असेल तर इंग्रजीत ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ म्हणतात: ‘रोझ बाय 20 पर्सेंटेज पॉइंट्स’. हे जड वाटलं तर दोन टोकं सांगून मोकळं व्हावं: ‘रोझ फ्रॉम 20 पर्सेंट टू 40 पर्सेंट’. यात चुकायला जागाच नाही.

‘बाय’ आणि ‘टू’ची अदलाबदल मात्र अर्थाचा पार विचका करते. ‘फेल टू 15 पर्सेंट’ म्हणजे 15 वर आले. ‘फेल बाय 15 पर्सेंटेज पॉइंट्स’ म्हणजे 15 ने कमी झाले. बसचा आकडा 45 वरून 30 वर आलाय. पहिलं वाक्य लिहिलं तर परीक्षकाला वाटणार की तुम्हाला आलेखच वाचता येत नाही. मराठीत ‘पंधरावर आले’ आणि ‘पंधराने कमी झाले’ यांत आपण कधी गोंधळत नाही, तेव्हा लिहिण्याआधी वाक्य मनात मराठीतून म्हणून बघायला हरकत नाही. नाम वापरलं की शब्दयोगी अव्यय आणखी एकदा बदलतं: ‘अ राइज ऑफ 20 पर्सेंटेज पॉइंट्स’, पण ‘अ राइज इन कार युज’. किती वाढ ते ‘ऑफ’ने, कशात वाढ ते ‘इन’ने.

दुसरी मोठी चूक कर्त्याची. ‘कार इन्क्रीज्ड’, ‘बस डिक्रीज्ड’ अशी वाक्यं सर्रास दिसतात. वाढली ती मोटार नव्हे. मोटारीने जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. म्हणून ‘द प्रपोर्शन ऑफ एम्प्लॉइज हू ड्रोव्ह टू वर्क’ असा पूर्ण कर्ता लागतो. थोडा लांब होतो, होऊ द्या. तो लिहिताना आलेखाचं एककही नीट बघितलं जातं. टक्के असतील तर ‘प्रपोर्शन’ किंवा ‘पर्सेंटेज’, मोजलेली माणसं असतील तर ‘नंबर’. आणि माणसांना ‘अमाउंट’ कधीही नाही. तो शब्द पाणी, पैसा, वीज यांच्यासाठी.

क्रियापदाचं रूपही सांभाळावं लागतं. दोन्ही वर्षं होऊन गेलेली, तेव्हा सगळं साध्या भूतकाळात: ‘रोझ’, ‘फेल’. ‘वॉज रिझन’ असं रूप इथे होतच नाही आणि ‘रेझ्ड’ हे वेगळं क्रियापद, त्याला कर्म लागतं. ‘वॉज इन्क्रीज्ड’ म्हटलं की कुणीतरी मुद्दाम वाढवल्यासारखं वाटतं. आलेखात पुढचं साल असेल, समजा 2040, तर ‘विल राइज’ असं छातीठोक न सांगता ‘इज प्रोजेक्टेड टू राइज’ म्हणावं. आपल्याकडे आणखी एक खास चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, ‘अ‍ॅज कम्पेअर टू’. नुसतं ‘कम्पेअर्ड टू’ किंवा ‘कम्पेअर्ड विथ’ पुरे.

हे सगळं जमलं तरी एक गोष्ट राहिली की गुण अडकतात. ती म्हणजे सारांशाचं वाक्य, ज्याला परीक्षेच्या भाषेत ओव्हरव्ह्यू म्हणतात. बँडच्या अधिकृत वर्णनात सातव्या बँडसाठी ते स्पष्ट असावं अशी अपेक्षा आहे. तपशील नुसते यांत्रिकपणे सांगून स्पष्ट ओव्हरव्ह्यू न देणारं उत्तर पाचव्याच्या वर्णनात बसतं. यात आकडे नकोत. आपल्या आलेखाकडे लांबून बघा: 2000 मध्ये सर्वांत उंच खांब बसचा आणि सर्वांत बुटका पायी जाणाऱ्यांचा. 2020 मध्ये पहिली जागा मोटारीने घेतली, शेवटची सायकलने. वर आणि खाली, दोन्हीकडे अदलाबदल झाली. तेच लिहायचं: ‘ओव्हरऑल, द कार रिप्लेस्ड द बस अ‍ॅज द मोस्ट कॉमन मीन्स ऑफ ट्रॅव्हल, व्हाइल सायकलिंग बिकेम द लीस्ट कॉमन.’ सुरुवातीच्या ओळीनंतर लगेच लिहिलं तर वेळ संपला तरी ते हातचं जात नाही. ती सुरुवातीची ओळ मात्र प्रश्नातून जशीच्या तशी उतरवू नका. उतरवलेल्या शब्दांचं श्रेय मिळत नाही. प्रश्नात ‘शोज’ असेल तर तुम्ही ‘कम्पेअर्स’ म्हणा, वाक्याची बांधणी बदला.

उरलेले दोन परिच्छेद वर्षांप्रमाणे पाडू नयेत. आधी 2000 चे चार आकडे आणि मग 2020 चे चार असं केलं की प्रत्येक जोडी तुटते आणि तुलना करायला काही शिल्लक राहत नाही. त्यापेक्षा वाढलेले एकत्र, घटलेले एकत्र. पहिल्या परिच्छेदात मोटार आणि पायी चालणं: दोन्ही दुप्पट झाले, पण एक 40 वर पोचला, दुसरा 20 वरच. दुसऱ्यात बस आणि सायकल: दोन्हींची घट बरोबर 15 पॉइंटांची, पण बस तरीही दुसऱ्या क्रमांकावर राहिली आणि सायकलने निम्म्याहून जास्त माणसं गमावली. अशी निरीक्षणं आकड्यांच्या यादीतून सुटतात, जोडी लावली की आपोआप दिसतात.

लोक मोटारीकडे का वळले, पगार वाढले का, बस वेळेवर येत नव्हत्या का, हा मोह मात्र टाळा. आलेखात कारण दिलेलं नाही, म्हणून उत्तरातही नको. सायकली वाढायला हव्यात, प्रदूषण घटेल, असा समारोपही नको. मत मांडायला दुसरा प्रश्न आहेच. आणि त्या दुसऱ्या प्रश्नाला या पहिल्याच्या दुप्पट महत्त्व असतं. तेव्हा 20 मिनिटं झाली की खांबांचा नाद सोडा आणि पुढे जा.