सहा गुणांचं एक पत्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी काही वर्षं एका कार्यालयात आवक-जावक नोंदवही सांभाळली. कविता रात्री व्हायची, दिवसा लोकांचे अर्ज. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि वहीच्या रकान्यांत तारीख, कोणाकडून, विषय असं लिहायचं. शाळेत पत्राचा जो आराखडा शिकवतात, तो पाहिला की मला ते रकाने आठवतात. वर ‘विषय’ का लिहायचा, तर कारकुनाला दोन पानं वाचून तो शोधावा लागू नये म्हणून. तारीख का, तर कोणता कागद आधी आला ते ठरावं म्हणून. खाली पत्ता का, तर उत्तर पाठवायचं कुठे?

हे सांगायचं कारण असं. लोणारला शिक्षक मित्रांबरोबर मी कधी कधी सराव परीक्षेच्या मराठीच्या उत्तरपत्रिका वाचायला बसतो. ‘उपयोजित लेखना’तल्या औपचारिक पत्राशी आलो, की हटकून वाद होतो. निबंधात अर्धा गुण इकडेतिकडे झाला तर कोणी बोलत नाही, पण पत्रात एकाच उत्तराला एक जण पाच देतो आणि दुसरा तीन. सहापैकी दोन गुणांचा हा फरक येतो कुठून, ते एका उदाहरणावरून पाहू.

प्रश्न असा होता : ‘शाळेच्या निसर्ग मंडळाचा विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने, सरोवराच्या वाटेवरील प्लास्टिक वेचण्याच्या मोहिमेसाठी परवानगी मागणारे पत्र वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लिहा.’ प्रश्न चांगला होता. पत्र कोणाला, हे त्यात स्पष्ट होतं. ‘संबंधित अधिकाऱ्यांना’ असं मोघम म्हटलं असतं, तर मुलांची पंचाईत झाली असती. लोणारात सरोवर अभयारण्य म्हणून वन खात्याकडे, दैत्यसूदनाचं मंदिर पुरातत्त्व खात्याकडे आणि गल्लीतला कचरा नगर परिषदेकडे. ही वाटणी मोठ्या माणसांनाही पाठ नसते. ती चुकली म्हणून मुलाचे गुण कापणं बरोबर नाही.

पहिलं उत्तर देखणं होतं. तारीख, प्रति, विषय, महोदय, ‘आपला विश्वासू’, खाली पत्ता आणि ई-मेल, सारं डाव्या समासाला धरून, अलीकडच्या पाठ्यपुस्तकांत असतं तसं. मजकुरात मुलगा म्हणतो, सरोवर उल्कापाताने झालं, २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पुढे, ‘आपल्यासारखे कर्तव्यदक्ष अधिकारी लाभले हे आमचे परमभाग्य.’ आणि शेवटी, ‘तरी मोहिमेस परवानगी द्यावी ही नम्र विनंती.’

दुसऱ्या मुलीच्या पत्रात तारीख नाही, विषयाची ओळ नाही. ‘प्रति, वनाधिकारी साहेब’ अशी सुरुवात करून ती थेट मुद्द्यावर येते : ‘आम्ही नववीची ४० मुले व ३ शिक्षक येत्या शनिवारी सकाळी ७ ते १० गोमुखाकडून उतरणाऱ्या वाटेवरचे प्लास्टिक वेचणार आहोत. पोती आमची आम्ही आणू. पाण्याजवळ कोणी जाणार नाही. भरलेली पोती कुठे ठेवायची ते कळवावे. तुमची माणसे कचरा उचलत नाहीत म्हणून आम्हाला यावे लागते. परवानगी द्या.’ खाली प्रश्नात दिलेलं नाव आणि पत्ता.

एका गुरुजींनी पहिल्याला पाच दिले, दुसरीला तीन. मी कारकुनाच्या खुर्चीवरून वाचलं, तर पहिल्या पत्रावर अधिकाऱ्याला काहीच करता येत नाही. किती जण येणार? कधी? कुठल्या वाटेने? त्याला उलट पत्र लिहूनच विचारावं लागेल. दुसऱ्या पत्रावर मात्र त्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणता येतं.

म्हणून आम्ही आमच्यापुरती वाटणी ठरवली. हेतूला तीन गुण, भाषेच्या सुराला दीड, आराखड्याला दीड. आणि तपासताना हेतू आधी. क्रम महत्त्वाचा अशासाठी, की नजर प्रथम चौकटीवर पडते. चौकट नेटकी दिसली की मन उदार होतं आणि मजकूर वाचायच्या आधीच मनात पाच गुण ठरून जातात.

या मापाने पहिल्याला आराखड्याचे पूर्ण दीड मिळाले. हेतूचा अर्धाच, कारण परवानगी मागितली एवढंच आहे. गुलाबी पाणी आणि रामसर खरे असले तरी ते भूगोलाच्या पेपरात शोभतील. सरोवराचा इतिहास वनाधिकाऱ्याला कळवण्याची गरज नाही. सुरात अर्धा गुण गेला तो ‘परमभाग्या’मुळे. विशेषणांवर माझं पोट भरत आलं आहे, पण अर्जात स्तुती आली की वाचणारा सावध होतो. एकूण तीन.

मुलीचं गणित जास्त अवघड. विषय नाही, म्हणून आराखड्यात अर्धा कापला. आता तारखेचं काय? तारीख नसल्यामुळे ‘येत्या शनिवारी’ म्हणजे कोणता शनिवार, हे कळत नाही. चौकटीतली ही चूक आत शिरून हेतूलाच लंगडं करते. एक मित्र दोन्हीकडे कापायला निघाले होते. आम्ही ठरवलं, एका चुकीची शिक्षा एकदाच, आणि जिथे तिने जास्त नुकसान केलं तिथे. म्हणून तो अर्धा हेतूत गेला. हेतूचे अडीच, आराखड्याचा एक.

सुराचं थोडं सविस्तर सांगतो. ‘परवानगी द्या’ आणि ‘परवानगी द्यावी’ यांत एका ‘वी’चा फरक आहे, पण पहिलं फर्मान वाटतं आणि दुसरं विनंती. ‘तुमची माणसे कचरा उचलत नाहीत’ हे कदाचित खरंही असेल, पण मागणीपत्रात ते तक्रारीचं वाक्य झालं. ‘वाटेवर बराच कचरा साचला आहे’ असं लिहिलं असतं, तर वस्तुस्थिती तीच राहिली असती आणि बोट कोणाकडे गेलं नसतं. सुराचा अर्धा गेला, एक राहिला. एकूण साडेचार.

‘साहेब’ लिहिलं म्हणून काही कापलं नाही. ‘महोदय’ पुस्तकी, ‘साहेब’ कचेरीतला, आदर दोन्हीत आहे. गंमत म्हणजे पत्राच्या ज्या भागाला आपण मायना म्हणतो, तो शब्दही अरबीतूनच आला. कोणाला कसं संबोधावं याचे नियम मराठीत फार जुने आहेत. हेमाद्री पंडिताच्या नावावर सांगितलं जाणारं ‘मेस्तक’ तेच सांगतं. त्याच गठ्ठ्यात कोणी ‘पाहिजे’च्या जागी ‘पायजे’ लिहिलं होतं. ती आमची वऱ्हाडी बोली. तिला उद्धट सूर समजून सुराचे गुण कापले जातात, हे मला पटत नाही. ती शुद्धलेखनाची बाब आहे, तिचं माप वेगळं.

पत्ता जुन्या पद्धतीने उजवीकडे लिहिला असेल तर आम्ही काहीच कापत नाही. पत्ता आहे, उत्तर पोचेल. मात्र प्रश्नात दिलेलं नाव सोडून मुलाने स्वतःचं नाव लिहिलं तर सरावातच लाल शाईने खूण करतो. बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर ओळख उघड करायची नसते, हे त्याला तिथे जाण्याआधी कळलेलं बरं.

आता गठ्ठा सुरू करण्याआधी आम्ही त्यातली दहाच पत्रं काढतो, दोघं वेगवेगळी तपासतो आणि मग गुण शेजारी ठेवतो. एकाहून जास्त गुणाचा फरक पडला की ते पत्र मोठ्याने वाचायचं. मागच्या खेपेस दहापैकी तीन निघाली, आणि तिन्ही सुंदर अक्षरातली होती.