कवटीचे माप आणि माणसांची उतरंड

कवटी मोजण्यासाठी बाकदार पायांचा कॅलिपर वापरतात. त्याचे एक टोक दोन भुवयांच्या मधल्या उंचवट्यावर टेकवतात आणि दुसरे टोक कवटीच्या मागच्या मध्यरेषेवरून खालीवर सरकवत नेतात. पट्टीवरचा आकडा जिथे सर्वांत मोठा येतो, ती कवटीची लांबी. रुंदीसाठी दोन्ही टोके कानांच्या वरच्या भागावर आडवी धरून तसाच सर्वांत मोठा आकडा शोधतात. रुंदीला लांबीने भागून शंभराने गुणले की शीर्ष निर्देशांक मिळतो. लांबी 180 मिलिमीटर आणि रुंदी 140 मिलिमीटर असेल, तर निर्देशांक 77.8 येतो.

स्वीडनचे शरीररचनाशास्त्रज्ञ अँडर्स रेट्झियस यांनी 1840 च्या दशकात ही पद्धत मांडली. पुढे रूढ झालेल्या वर्गवारीत 75 च्या खालची डोकी लांब, 80 च्या वरची रुंद आणि मधली मध्यम मानली गेली. हा आकडा फक्त आकार सांगतो, आकारमान नाही. 162 मिलिमीटर लांब आणि 126 मिलिमीटर रुंद अशा लहान कवटीचा निर्देशांकही 77.8 च येतो. त्यामुळे मेंदूला किती जागा आहे हे ज्यांना हवे होते, त्यांनी वेगळा मार्ग धरला.

फिलाडेल्फियाचे डॉक्टर सॅम्युएल जॉर्ज मॉर्टन यांनी जगभरातून शेकडो कवट्या जमवल्या. कवटीची लहानमोठी भोके कापसाने बुजवायची, तळाच्या मोठ्या छिद्रातून बी ओतायचे, कवटी हलवून ते नीट बसवायचे आणि मग मापाच्या नळकांड्यात रिकामे करायचे, अशी त्यांची रीत होती. बी हलके आणि कमीजास्त आकाराचे असल्याने दाबले की आणखी मावते. त्यामुळे एकाच कवटीची दोन मापे जुळेनात. नंतर मॉर्टन यांनी बी सोडून शिशाचे बारीक छर्रे घेतले आणि मापे बऱ्यापैकी स्थिर झाली.

बियांनी घेतलेल्या मापांवर आधारलेला त्यांचा ग्रंथ 1839 मध्ये निघाला. त्यातील सरासऱ्या घन इंचांत अशा होत्या : ‘कॉकेशियन’ 87, मंगोलियन 83, अमेरिकेचे मूलनिवासी 82, मलय 81 आणि आफ्रिकी 78. ही उतरंड त्या काळातील गोऱ्या अमेरिकनांच्या समजुतीशी तंतोतंत जुळत होती आणि गुलामगिरीच्या समर्थकांनी ती उचलून धरली.

पण पहिल्या आकड्यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. ‘कॉकेशियन’ गटात 52 कवट्या होत्या आणि त्यांत हिंदू लोकांच्या फक्त 3. हिंदूंच्या 17 कवट्यांची सरासरी 75 घन इंच भरल्याचे मॉर्टन यांनीच नोंदवले आहे. त्या एवढ्या लहान असल्यामुळेच त्यांना या गटात मर्यादित जागा दिली, असेही त्यांनी उघडपणे लिहिले. त्यांच्या स्वतःच्या वर्गीकरणानुसार मात्र हिंदू ‘कॉकेशियन’च होते. वगळलेल्या कवट्या गटात धरल्या, तर 87 ची सरासरी 84 च्या आसपास उतरते आणि मंगोलियन गटाच्या 83 शी असलेला फरक जवळजवळ पुसला जातो. शिवाय तो मंगोलियन आकडाही अवघ्या 10 कवट्यांवर उभा होता. मेंदूचे आकारमान देहाच्या आकारमानाबरोबर वाढते आणि स्त्रियांच्या कवट्या सरासरीने लहान असतात. म्हणून गटात ठेंगणे किंवा उंच लोक किती आणि स्त्रिया किती, यावरही सरासरी हलते. मॉर्टन यांच्या तुलनेत याची वजाबाकी नव्हती.

जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी 1978 मध्ये आणि पुढे 1981 च्या पुस्तकात असा आरोप केला, की मॉर्टन यांच्या पूर्वग्रहाने नकळत मोजणारा हातच बिघडवला. 2011 मध्ये काही मानवशास्त्रज्ञांनी त्या संग्रहातील सुमारे 300 कवट्या पुन्हा मोजल्या, तेव्हा छर्ऱ्यांची बहुतेक मापे बरोबर निघाली. म्हणजे छर्ऱ्यांच्या मोजणीत दोष फारसा नव्हता. कोणती कवटी सरासरीत धरायची आणि आकड्यातून काय निष्पन्न होते, हे दोन्ही मोजणीबाहेर ठरले. घोटाळा या दोन ठिकाणी झाला. जर्मनीत हायडेलबर्ग येथे फ्रीडरिश टीडमान यांनीही मॉर्टन यांच्याच काळात कवट्यांत बाजरीसारखे बारीक धान्य भरून मापे घेतली होती. प्रत्येक गटातील लहानात लहान आणि मोठ्यात मोठी कवटी पाहता गट एकमेकांत मिसळतात, हे त्यांनी पाहिले. आफ्रिकी माणसाचा मेंदू युरोपीय माणसाच्या मेंदूपेक्षा लहान नाही, असा निष्कर्ष त्यांनी 1836 मध्ये मांडला आणि गुलामगिरीला विरोध केला.

शीर्ष निर्देशांकाने उतरंड लावण्याची अडचण निराळी होती. उत्तर युरोपीयांची लांब डोकी श्रेष्ठ म्हणावीत, तर आफ्रिकेतील आणि ऑस्ट्रेलियातील अनेक मूलनिवासींचीही डोकी लांबच होती. मग हा आकडा दर्जा सांगण्याऐवजी वंशाची खूण म्हणून वापरला जाऊ लागला. हर्बर्ट रिझली हे 1901 च्या भारतीय जनगणनेचे आयुक्त. महाराष्ट्रातील ब्राह्मण आणि कुणबी यांची डोकी त्यांना तुलनेने रुंद आढळली. त्यावरून त्यांनी या लोकांना शक आणि द्रविड यांच्या मिश्रणातून झालेला ‘सिथो-द्रविडी’ गट ठरवले. डोक्याची रुंदी पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही आणि ती एकाच उगमातून येते, हे या तर्काचे गृहीतक होते.

ते गृहीतक मानवशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांनी न्यूयॉर्कमध्ये तपासले. 1908 पासून त्यांनी सुमारे 18,000 स्थलांतरित आणि त्यांची मुले मोजली. पूर्व युरोपातील ज्यूंची डोकी रुंद असत. त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी किंचित लांबट निघाली. सिसिलीच्या लोकांची डोकी लांब असत. त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची रुंदीकडे झुकली. बदल लहान होता आणि त्याच्या प्रमाणाबद्दल अभ्यासकांत पुढे वादही झाले. तरीही परिस्थितीनुसार डोक्याची घडण हलते एवढे दिसल्यावर, काही टक्क्यांच्या फरकावरून हजारो वर्षांपूर्वीचे पूर्वज शोधणे डळमळीत झाले.

इरावती कर्वे यांनी याच विषयाचा एक पदर बर्लिनमध्ये हाताळला. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना युरोपीय कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील असमानता अधिक असून ती बुद्धीच्या श्रेष्ठत्वाची खूण आहे, असे वाटत होते. कर्वे यांनी युरोपीय आणि इतर कवट्या मोजून पाहिल्या. असमानता सर्वच गटांत होती आणि वंशानुसार तसा फरक आढळला नाही. 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी हेच मांडले.

शीर्ष निर्देशांक आजही काढला जातो, पण माणसांच्या गटांची उतरंड लावण्यासाठी नव्हे. गर्भवतीच्या सोनोग्राफीत बाळाच्या डोक्याची रुंदी आणि लांबी घेऊन तोच भागाकार करतात. उत्तर साधारण 70 ते 86 च्या बाहेर गेले, तर डोके नेहमीपेक्षा लांबट किंवा गोल आहे असे समजून केवळ रुंदीवरून गर्भाचे वय ठरवत नाहीत. डोक्याचा घेर आणि इतर मापे पाहतात. इथे आकडा एका डोक्याबद्दल आणि एकाच प्रश्नासाठी वापरला जातो.