एका बारदानाचे आयुष्य

धान्याच्या व्यापारात ‘बारदान’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. माल भरण्याचे पोते हा एक, आणि मालाचे निव्वळ वजन काढताना एकूण वजनातून वजा करावयाचे रिकाम्या पोत्याचे वजन हा दुसरा. तागाचे पोते, म्हणजेच गोणपाटाची गोणी, नव्या स्थितीत गिरणीतून निघते आणि अनेक हातांतून जात शेवटी चिंधी होते. या प्रवासात तिचे गुण एकदम संपत नाहीत. ते ठरावीक क्रमाने ओसरतात, आणि जो गुण उरला असेल त्याच्यावर पुढचा मालक आपले काम भागवतो.

महाराष्ट्रातील शेतकरी हिरवळीचे खत म्हणून जो ताग पेरतात ती वनस्पती वेगळी असून गोणपाटाचा ताग मुख्यतः बंगालच्या गाळाच्या जमिनीत पिकतो. कापलेल्या ताटांच्या जुड्या दोन ते तीन आठवडे पाण्यात कुजवल्या की सालीचे धागे खोडापासून सुटतात. हे धागे भारतात १८५५ मध्ये हुगळीकाठच्या रिश्रा येथे उभ्या राहिलेल्या गिरणीपासून यंत्रावर कातले जात आहेत. १९८७ च्या कायद्याने धान्यासाठी तागाचे वेष्टन सक्तीचे केले, त्यामुळे सरकारी धान्यखरेदी हे या पोत्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक ठरले. ५० किलो धान्याच्या प्रचलित पोत्याचे वजन ५८० ग्रॅम असते. त्याचे कापड तिरप्या विणीचे असते, म्हणजे आडवा धागा एकाआड एक न जाता दोन उभ्या धाग्यांवरून जातो आणि वीण दाट बसते.

या ५८० ग्रॅमांत पाण्याचाही वाटा असतो, कारण ताग हवेतील ओल शोषतो. साधारण दमट हवेत तो आपल्या कोरड्या वजनाच्या १३ ते १४ टक्के पाणी धरतो. म्हणजे पोत्यातील सुमारे ५१० ग्रॅम ताग आणि सुमारे ७० ग्रॅम पाणी. शंभर पोत्यांमागे हे पाणी सात किलो होते. उन्हाळ्यात त्यातील बरेचसे उडते, पावसाळ्यात त्याहून अधिक येते, त्यामुळे बारदानाची ठरावीक वजावट केल्यास मापात थोडा फरक पडणे अटळ असते. वजनाच्या तंट्यांत ही गोष्ट लक्षात घेतली जावी, असे वाटते.

पहिल्या फेरीत पोते खरेदी केंद्रावर भरले जाते, दाभणाने शिवले जाते आणि गोदामातून रास्त भाव दुकानापर्यंत पोचते. येथे त्याची ताकद वापरली जाते, आणि तिला सर्वांत मोठा धोका हमालाच्या लोखंडी आकड्याचा असतो. आकडा धागा तोडतो, आणि विणीचे शेजारचे धागे बाजूला सरकून भोक वाढते. अशा पोत्याची ओळख थप्पीखाली सांडलेल्या दाण्यांवरून पटते. दुकानदाराकडून रिकामे पोते बारदान व्यापाऱ्याकडे येते. तेथे ते झटकून, उजेडासमोर धरून पाहिले जाते. किरकोळ भोक सुतळीने रफू होते, मोठ्यावर दुसऱ्या फाटक्या पोत्याचा तुकडा बसतो.

आता ५० किलोंचा भार पेलण्याची त्याची योग्यता राहिलेली नसली, तरी वीण टिकून असते. म्हणून त्यात कोंडा किंवा भुसा भरला जातो. उन्हात पडून राहिलेले पोते मात्र लवकर पिवळे तपकिरी होऊन ठिसूळ होते, कारण तागात लाकडात असतो तसा लिग्निन हा पदार्थ असतो व सूर्यप्रकाशाने तो बदलतो. बोटांनी चिमटून ओढल्यावर धागा कट्कन तुटला, तर ते भरण्याच्या कामातून बाद झाले, असे समजावे.

बाद पोत्याची शिवण उसवली जाते आणि ते बांधकामावर जाते. काँक्रीटचा साचा काढल्यावर सिमेंट घट्ट होण्यासाठी काही दिवस, साध्या सिमेंटसाठी किमान सात, ओल टिकवावी लागते. आडव्या स्लॅबवर पाणी तुंबवता येते, उभ्या खांबावर येत नाही. म्हणून खांबाभोवती गोणपाट गुंडाळून ते दिवसातून अनेकदा भिजवले जाते. ताकद गेली, वीण सैल झाली, तरी तागाची तहान शाबूत असते, आणि तीच येथे उपयोगी पडते. गोणपाट मध्येच कोरडे पडले, तर मात्र ते खांबातील ओल स्वतःकडे ओढू लागते.

हीच तहान पोत्याचा शेवट घडवते. सतत ओल्या तागावर बुरशी व जीवाणू वाढतात आणि ताटे कुजवताना जी क्रिया वेळेवर थांबवली होती ती पुन्हा सुरू होऊन आता धाग्यालाच खाते. एक-दोन खांबांनंतर कापड काळपट पडते, त्याला आंबूस वास येतो, आणि काढताना ते सलग निघत नाही. सिमेंटला चिकटलेले धागे ब्रशने खरवडून काढावे लागतात.