घरातली बोलणी – ५ : ‘हे नेसून येणार आहेस?’

गेल्या आठवड्यात पैशांवरून मारले जाणारे टोमणे पाहिले. आज वजन, कपडे आणि दिसणं.

समजा, बाळंतपणाला आठ महिने झालेली एक शिक्षिका आहे. पुतणीच्या साखरपुड्याला ती हिरवी पैठणी नेसून बाहेर येते. नवरा म्हणतो, “हे नेसून येणार आहेस?” बस, एवढंच. ती आत जाऊन साडी बदलते. परवा पोळीवर तूप घेताना तो “अजून?” म्हणाला होता. सुटं घेतलं तर यातलं एकही वाक्य भांडायला पुरत नाही आणि भांडलीच तर “गंमत कळत नाही का तुला?” हे ठरलेलं. म्हणून अशी बोलणी वर्षानुवर्षं खपतात.

१९९८ साली अमेरिकेत बार्बरा फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एकेकटं आरशाच्या खोलीत नेऊन कुणाला स्विमसूट, कुणाला स्वेटर घालायला दिला आणि त्याच कपड्यांत गणितं सोडवायला लावली. स्विमसूटमधल्या मुलींना स्वेटरमधल्या मुलींपेक्षा कमी गुण मिळाले. मुलांत तसा फरक दिसला नाही. खोलीत बघणारं कुणी नव्हतं. आपण बाहेरून कशा दिसतो यावर पहारा ठेवण्यात मुलींचं लक्ष खर्च होत होतं, असा संशोधकांचा अर्थ. प्रयोग काही मिनिटांचा होता, संसार तसा नसतो. पण आमच्या शिक्षिकेचं काय होतं ते यावरून कळतं. फळ्याकडे वळताना ती पदर सारखा करते, सहलीत फोटो काढायचं काम स्वतःकडे घेते. नवरा तिथे नसतोच.

मला याहून वाईट वाटते ती पुढची पायरी. स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा गेला की ती दुकानातून त्यालाच फोटो पाठवून विचारते, “बरं दिसेल ना?” ज्याच्या बोलण्याने भरवसा गेला, त्याचाच होकार आता माप ठरतो. त्याने कधीमधी केलेलं कौतुक मग फार मोठं वाटू लागतं आणि ती आणखी अडकते.

“काळजीपोटी बोलतो” हे खरं की बहाणा, हे कसं ओळखायचं? शांत वेळी एकदा स्पष्ट सांगून पाहावं : “माझ्या शरीरावर बोलू नकोस. चारचौघांत तर नकोच.” नकळत बोलणारा ओशाळतो, पुन्हा जीभ घसरली तर स्वतःच थांबतो. खरी काळजी असेल तर “थायरॉइड तपासून घेऊ, मी येतो बरोबर” असं काहीतरी ऐकू येतं. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतो, तेव्हा ते रास्तही असतं. सांगितल्यावर तेच वाक्य पाहुण्यांसमोर हसत म्हटलं गेलं, तर मात्र ते मुद्दाम आहे असं समजावं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान, टिंगल आणि नावं ठेवणं हा शाब्दिक व भावनिक छळ मानला आहे. त्यासाठी अंगावर हात पडावा लागत नाही.

पुढच्या आठवड्यात : हीच बोलणी सासूकडून किंवा आईकडून येतात तेव्हा.